एकच अशील, दोन तारखा: न्यायाधीश कायदा करतात की शोधतात, यावर नागपुरातल्या एका रात्रीचा वाद

हे प्रकरण 2025 च्या जानेवारीतले. दोन्ही विद्यार्थ्यांची नावे बदलली आहेत, कॉलेजचे आणि स्पर्धेचे नाव दिलेले नाही. मी त्यांची मूट कोच होते, म्हणजे काल्पनिक खटला लढवायच्या स्पर्धेसाठी त्यांची तयारी करून घेत होते. त्या रात्रीचा पहिला भाग मी दोघांकडून वेगवेगळा ऐकला आणि दोघांच्या सांगण्यात जिथे फरक पडला, तिथे ग्रंथालयातल्या काकांची साक्ष घेतली. रात्री सव्वादोननंतरचे मात्र मी स्वतः पाहिले आहे.

पार्श्वभूमी

मयूरी वडशाची आणि निखिल इथला, गिट्टीखदानचा. दोघे तिसऱ्या वर्षाला. निखिलच्या काकांचा गिट्टी क्रशर आहे, आणि मूटचा प्रश्न नेमका क्रशरवरच आल्यामुळे त्याला वाटले होते की हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे. पुढे याचा थोडा तोटाही झाला.

मूटमधली काल्पनिक हकीकत थोडक्यात सांगते, कारण सगळा वाद तिच्यावर उभा आहे. एक क्रशरमालक वर्षाला 6,000 ब्रास गिट्टी विकतो. त्याच्या सर्वोच्च न्यायालयात दोन मागण्या आहेत. पहिली छोटी. राज्य सरकार 2016 पासून दर ब्रासमागे 10 रुपये वाहतूक फी घेत होते. 2021 मध्ये दुसऱ्याच एका मालकाच्या याचिकेवर ती फी बेकायदा ठरली. आपल्या अशिलाने पाच वर्षे भरलेले 3 लाख रुपये त्याला परत हवेत.

दुसरी मागणी मोठी. राज्याने 2005 मध्ये दर ब्रासला 40 रुपये उपकर लावला. त्याच वर्षी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की असा उपकर लावायचा अधिकार राज्याला नाही. वसुली थांबली. 2023 मध्ये सात न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला: अधिकार होता. सरकारने लगेच 18 वर्षांची मागणी पाठवली. 40 गुणिले 6,000 गुणिले 18, म्हणजे 43 लाख 20 हजार, वर व्याज वेगळे. अशिलाचे म्हणणे असे की नवा निकाल 2023 पासून पुढे लावा, मागे नको.

पहिली मागणी मयूरीने लिहिली, दुसरी निखिलने. वेळ वाचावा म्हणून कामाची अशी वाटणी मीच केली होती.

अडचण

मेमोरियल, म्हणजे अशिलाच्या बाजूचा लेखी युक्तिवाद, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाठवायचे होते. मूटच्या दिवसांत आमचे ग्रंथालय रात्री दोनपर्यंत उघडे ठेवायची परवानगी असते. थंडी कडक होती. काका दाराजवळ स्टुलावर मफलर गुंडाळून बसले होते आणि वाचनगृहात या दोघांशिवाय कोणी नव्हते.

साधारण पावणेबाराला दोघांनी आपापले भाग एका फाइलमध्ये जोडले आणि मयूरीने पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिच्या भागात, परिच्छेद 14 मध्ये, असे होते: न्यायाधीश नवा कायदा करत नाहीत, असलेला कायदा शोधून सांगतात. म्हणून 2021 चा निकाल फी सुरू झाली त्या दिवसापासून लागू होतो आणि अशिलाने पैसे कायद्याच्या चुकीच्या समजुतीने भरले. पुढे निखिलचा भाग. परिच्छेद 31: न्यायाधीश कायदा करतात हे आता मान्य व्हायला हवे. 2023 च्या निकालाने नवा कायदा केला, आणि नवा कायदा मागच्या व्यवहारांना लावणे अन्यायाचे आहे.

तिथे मयूरी थांबली. "निखिल, आपण कोणाकडून लढतोय?"

"क्रशरवाल्याकडून. का?"

"मग त्याला तीन लाख परत पाहिजेत तेव्हा कायदा शोधलेला असतो, अन् त्रेचाळीस लाख द्यायची वेळ आली की केलेला होतो का बे?"

अडचण एवढीच होती आणि ती खरी होती. एरवी हा प्रश्न न्यायशास्त्राच्या पेपरात दहा मार्कांना येतो. न्यायाधीश कायदा शोधतात म्हणणारा ब्लॅकस्टोन एका बाजूला, करतात म्हणणारा ऑस्टिन दुसऱ्या बाजूला, शेवटी 'दोन्हींत तथ्य आहे' असे लिहून मुले मोकळी होतात. इथे तसे लिहून सुटका नव्हती, कारण प्रत्येक बाजूच्या टोकाला एक तारीख होती आणि प्रत्येक तारखेला एक रक्कम. कायदा शोधलेला असेल तर तो आधीपासून होता, म्हणजे निकाल मागेही लागतो. केलेला असेल तर तो केल्याच्या दिवशी जन्मला, म्हणून पुढेच लागावा. शोधण्याचा सिद्धांत अशिलाला 3 लाख मिळवून देतो आणि 43 लाख 20 हजारांत बुडवतो. करण्याचा सिद्धांत मोठी रक्कम वाचवतो आणि छोटी घालवतो.

बारा ते दोन

या क्षणी शहाणपणाची गोष्ट म्हणजे दोन्ही परिच्छेद काढून टाकणे. त्यांनी ते केले नाही. खरे कोण, हे ठरवायला बसले. मी याला दोष देत नाही, पण रात्रीचा पहिला निर्णय हाच होता आणि तो नकळत घेतला गेला.

निखिलने विशाखा निकालापासून सुरुवात केली. 13 ऑगस्ट 1997 च्या आदल्या दिवशी देशातल्या कुठल्याही मालकावर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळासाठी तक्रार समिती नेमायचे बंधन नव्हते. दुसऱ्या दिवशी होते. संसदेचा कायदा यायला 2013 उजाडले. मधली सोळा वर्षे जे चालले ते कोणी केले?

मयूरी म्हणाली, घटनेतले कलम 14, 15, 19 आणि 21 आधीपासून होतेच, आणि स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1993 मध्ये मान्य केला होता. न्यायालयाने त्यातून काढले.

"समितीची अध्यक्ष बाई असावी, निम्म्याहून कमी बाया नसाव्यात, बाहेरच्या संस्थेचं कोणी असावं. कलम 21 मध्ये 'निम्म्या' कुठं लिहिलंय ते दाखव ना. मी पान उघडून देतो."

हा मुद्दा पक्का आहे. तत्त्व सापडू शकते, आकडा सापडत नाही. 'निम्म्या' हा आकडा कुणाला तरी ठरवावा लागतो. मयूरीकडे त्याचे उत्तर नव्हते आणि तिने ते कबूलही केले, असे निखिल सांगतो. तिच्या आठवणीत ती गप्प बसली होती, एवढेच.

मग तिने दुसरीकडून धरले. एडीएम जबलपूर, 1976. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात जाता येत नाही, असे चौघांनी म्हटले. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात राहिले. 2017 मध्ये पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गोष्ट आली आणि जबलपूरचा बहुमताचा निकाल चुकीचा होता, असे स्पष्ट सांगून तो मोडीत काढला गेला.

"तुझ्या हिशोबानं 1976 मध्ये चौघांनी कायदा केला. म्हणजे तो त्या दिवशी कायदाच होता. मग खन्ना तेव्हा चूक होते?"

"अल्पमतात होते."

"चूक होते का, ते सांग. अन् 2017 मध्ये बरोबर झाले? झोपेत?"

निखिल म्हणाला की चूक की बरोबर हे नंतरचे न्यायाधीश ठरवतात. मयूरीने विचारले, कशावरून ठरवतात? कुठल्या तरी आधीच असलेल्या मापाशी ताडून बघितल्याशिवाय 'चुकीचा' हा शब्द वापरताच येत नाही. शोधायला काही नसेल तर न्यायाधीश चुकू शकत नाही, फक्त बदलू शकतो.

माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात चांगला युक्तिवाद हाच होता, आणि तो मेमोरियलच्या एकाही ओळीत आला नाही. निखिल उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. काकांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्याला दिला. ते त्याला म्हणाले, "आमच्या गावात पांदण रस्ता होता. तलाठ्याच्या नकाशात नव्हता. कोर्टानं सांगितलं, आहे. आता मला सांग, कोर्टानं रस्ता केला का?" निखिलने हे मला नंतर हसत सांगितले. तेव्हा त्याला राग आला होता.

दीड वाजता दोघे पुन्हा बसले आणि निवाड्यांकडे वळले. इथे वाद पुस्तकी राहिला नाही. मयूरीने सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा सौराष्ट्र कच्छ स्टॉक एक्स्चेंजचा निकाल काढला. त्यात अगदी तिच्या बाजूचे आहे: न्यायालय नवा नियम जाहीर करत नाही, जुनाच नीट करून सांगते, म्हणून नंतरचा निकाल मागेही लागतो. निखिलने 1967 चा, घटनादुरुस्त्यांवरचा गोलकनाथ निकाल काढला. तिथे सरन्यायाधीश सुब्बाराव यांनी भारतात पहिल्यांदा प्रॉस्पेक्टिव्ह ओव्हररुलिंग आणले: जुना निकाल चुकीचा, पण नवा नियम आजपासून पुढे. एकाच न्यायालयाची दोन तोंडे, एकेक दोघांच्या हातात.

दोन वाजता काकांनी दिवे घालवायला सुरुवात केली. तेव्हा मयूरीने मला फोन केला.

समोर असलेले पर्याय

मी धरमपेठेतून निघून सव्वादोनला पोहोचले. काकांची माफी मागून एका टेबलापुरता दिवा सुरू ठेवला. दोघांनी एकमेकांविरुद्ध तक्रारी सांगितल्या, त्या मी ऐकल्या नाहीत. मी फक्त विचारले की सकाळी दहापर्यंत काय काय करता येईल, ते कागदावर मांडा.

पहिला पर्याय निखिलचा: मयूरीची मागणी सोडून द्यायची. 43 लाखांपुढे 3 लाख काहीच नाहीत, आणि ती मागणी तशीही लंगडी आहे. त्याचे म्हणणे बरोबर होते. कायद्याच्या चुकीने भरलेले पैसे करार अधिनियमाच्या कलम 72 खाली परत मागता येतात, हे कन्हैयालाल सराफ प्रकरणात मान्य झाले होते. मयूरीचा सगळा भाग त्यावर होता. पण 1996 च्या डिसेंबरमध्ये मफतलाल प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी ती वाट बरीचशी बंद केली. दुसऱ्याने जिंकलेल्या खटल्यावरून 'मला माझी चूक आता कळली' असे म्हणून परतावा मागता येत नाही. शिवाय कराचा बोजा तुम्ही गिऱ्हाइकावर टाकला असेल तर पैसे तुमचे नाहीतच. आपल्या अशिलाची फी दुसऱ्याच्याच याचिकेत रद्द झाली होती. मयूरीने मफतलाल वाचला होता, पण तळटीपेत टाकून ठेवला होता.

दुसरा पर्याय मयूरीचा: दोन्हीकडे शोधण्याचाच सिद्धांत धरायचा. 43 लाख देणे लागतात हे तत्त्वतः मान्य करायचे आणि फक्त सवलत मागायची. त्यासाठी तिच्याकडे ताजे उदाहरण होते. 25 जुलै 2024 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक असे ठरवले की खाणीवरची रॉयल्टी हा कर नव्हे आणि खनिज हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे. त्यामुळे 1989 चा इंडिया सिमेंटचा निकाल फिरला. कंपन्यांनी विनवले की हे पुढच्या तारखेपासून लावा. 14 ऑगस्टला न्यायालयाने नकार दिला. पण तेवढ्यावर सोडले नाही. 1 एप्रिल 2005 च्या आधीच्या व्यवहारांवर मागणी नको, भरणा 1 एप्रिल 2026 पासून बारा वर्षांत हप्त्याने, आणि 25 जुलै 2024 च्या आधीच्या काळासाठी व्याज-दंड माफ. मूटचा प्रश्न याच्यावरूनच बेतलेला होता हे उघड होते. हाच साचा आपल्या अशिलाला लावला तर 43 लाख 20 हजार भागिले 12, म्हणजे वर्षाला 3 लाख 60 हजार, आणि व्याज नाही.

निखिलला हे पटत नव्हते. पहिल्याच पानावर हार मानून हप्ते मागायचे, हे वकिलाचे काम नव्हे, असे तो म्हणाला.

तिसरा पर्याय आहे तसे पाठवायचे आणि परीक्षकांच्या नजरेतून सुटेल अशी आशा करायची. हा निखिलने अर्धवट गमतीत मांडला. मी तो गंभीरपणे घेतला, कारण पहाटे तीनला दमलेली माणसे शेवटी हाच पर्याय निवडतात, फक्त तसे म्हणत नाहीत.

चौथा पर्याय त्या क्षणी कोणाकडेच नव्हता. तो सापडला तो असा. मी निखिलला म्हटले, गोलकनाथचे तू कोणते पान वाचलेस? त्याने मोबाइलवरचा सारांश दाखवला. ज्या गावात ऑल इंडिया रिपोर्टर हे निकालांचे खंड छापले जातात, त्या गावातल्या लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात बसून पोरगा सारांश वाचतो, याचा मला थोडा संताप आला. मी त्याला 1967 चा खंड आणायला लावला. सर्वोच्च न्यायालय, पान 1643 पासून. खंड जाड, कणा सुटलेला, आत कुणीतरी कधीकाळी ठेवलेले एसटीचे तिकीट.

मयूरीने बोटाने ओळी धरत वाचायला घेतले. सुब्बाराव घटनेच्या कलम 141 कडे येतात. सर्वोच्च न्यायालयाने 'घोषित' केलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे, असे ते कलम म्हणते. आणि मग ते लिहितात की 'घोषित' हा शब्द 'शोधलेला किंवा केलेला' यापेक्षा व्यापक आहे. अर्थ लावणे, खातरजमा करणे, विकसित करणे ही सगळी प्रक्रिया. तिच्यातून जे निघते ते घोषित होते.

मयूरी म्हणाली, "आपण अडीच तास ज्याच्यावर भांडलो, ते दोन्ही शब्द यांनी एका ओळीत घेतले अन् बाजूला ठेवले."

काय केले

त्या ओळीने वाद संपला नाही. दोघे आजही आपापल्या मताला धरून आहेत. तिने फक्त एवढे दाखवले की मेमोरियलला त्या वादाचा निकाल लागायची गरज नाही. कायदा काय आहे हे घोषित करणे ही एक पायरी. घोषित झालेला कायदा कोणत्या तारखेपासून कोणाला लावायचा, ही दुसरी. नेहमीचा नियम असा की निकाल मागेही लागतो. तसे करणाऱ्याला कारण द्यावे लागत नाही. पुढच्या तारखेपासून लावा म्हणणाऱ्याला कारण द्यावे लागते, आणि ते कारण 'न्यायाधीश कायदा करतात' हे असू शकत नाही, कारण ते खरे असेल तर प्रत्येकच निकाल पुढे लागायला हवा. कारण माणसांच्या व्यवहारातून यावे लागते: जुन्या निकालावर विसंबून कोणी काय केले आणि आता ते उलटवले तर काय मोडेल.

असे मांडले की दोन्ही मागण्या एका छत्राखाली येतात. फीच्या बाबतीत नेहमीचा नियम लावा, कारण तो मोडायला सरकारकडे काही कारण नाही. उपकराच्या बाबतीत अपवाद करा, कारण 18 वर्षे सगळे जुन्या निकालावर विसंबून होते. विरोधाभास उरत नाही. नियम आणि अपवाद असे नाते उरते.

पावणेतीन ते पाच त्यांनी नव्याने लिहिले. परिच्छेद 14 आणि 31 गेले. निखिलने मुख्य प्रार्थना तीच ठेवली, म्हणजे 2023 पासून पुढे. पण खाली पर्यायी प्रार्थना जोडली: ते शक्य नसेल तर घटनेच्या कलम 142 मधल्या विशेष अधिकाराखाली व्याजमाफी आणि बारा वर्षांचे हप्ते. मफतलाल तळटीपेतून वर आला. मयूरीने लिहिले की फी मुळातच घटनाबाह्य होती, आणि अशिलाने ती निषेध नोंदवून भरली होती, म्हणून तो दुसऱ्याच्या निकालावर स्वार होत नाही. निषेधाची ती ओळ प्रश्नात खरोखर होती. आधी दोघांच्याही नजरेतून निसटली होती.

छोटी मागणी ठेवायची की सोडायची, यावर मी मत दिले: सोडा. दोघांनी मिळून ठेवली. पाच तास भांडलेल्या जोडीचे ते पहिले एकमत होते, म्हणून मी ताणले नाही.

निकाल

उपांत्य फेरीत पीठावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश होते. त्यांनी मयूरीला तिसऱ्याच मिनिटाला अडवले. तुमचे अशील एका हाताने मागचे मागतात आणि दुसऱ्या हाताने मागचे नाकारतात, हे कसे? तिने नियम आणि अपवाद असे उत्तर दिले, 141 मधला 'घोषित' शब्द सांगितला आणि गोलकनाथचे पानही. साहेब थोडे मागे टेकले. ते उत्तर त्या रात्री तयार झाले होते.

मग निखिलची पाळी. त्यांनी सिद्धांताचे काहीच विचारले नाही. त्यांनी विचारले, "विसंबून होते म्हणता. विसंबून काय केले?"

निखिल म्हणाला, उपकर धरून दर लावला नाही.

"प्रश्नात तसे कुठे आहे?"

नव्हते. प्रश्नात फक्त विक्रीचे आकडे होते, दर कशावर ठरला हे नव्हते. निखिलने ते काकांच्या धंद्यावरून गृहीत धरले होते. घरचा विषय म्हणून जी गोष्ट त्याला इतकी माहीत वाटत होती, ती त्याने कागदावर शोधलीच नव्हती. तो पर्यायी प्रार्थनेकडे वळला, पण तोवर वेळ संपली होती. संघ हरला. लेखी मेमोरियलला चांगले गुण मिळाले, तोंडी फेरीत निखिलचे कमी पडले.

वेगळे काय करता आले असते

पहिली चूक माझी. एकाच अशिलाच्या दोन मागण्या दोघांत वाटताना मी त्यांना आधी एक पान लिहायला लावायला हवे होते: प्रत्येक मागणीत निकालाची तारीख मागे न्यायची आहे की पुढे. तेवढ्या एका पानावर विरोधाभास दहा दिवस आधी दिसला असता.

दुसरी गोष्ट छोट्या मागणीची. निषेधाची ओळ सापडल्यावर ती उभी राहिली खरी, पण अर्धी तोंडी वेळ तिने खाल्ली. खऱ्या अशिलाने 3 लाखांसाठी 43 लाखांचा युक्तिवाद सात मिनिटांवर येऊ दिला नसता.

तिसरी गोष्ट मला स्वतःला त्या रात्री सुचली नाही, याची चुटपुट आहे. गोलकनाथमध्ये अकरा न्यायाधीश होते आणि निकाल सहा विरुद्ध पाच. पण प्रॉस्पेक्टिव्ह ओव्हररुलिंगच्या मागे त्या सहांतले पाचच होते. सहावे न्यायमूर्ती हिदायतुल्ला. मॉरिस कॉलेजात शिकलेले, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले. त्यांनी वेगळे निकालपत्र लिहिले. आधीच्या घटनादुरुस्त्या त्यांनीही वाचवल्या, पण वेगळ्या वाटेने: इतकी वर्षे सगळ्यांनी त्या निमूट मान्य केल्या, आता त्यांना हात लावता येणार नाही. त्यात कायदा केला की शोधला हा प्रश्नच येत नाही. 18 वर्षे सरकारनेही उपकराचा विषय काढला नव्हता. निखिलला हवा होता तो युक्तिवाद त्याच खंडात, त्याने उघडलेल्या पानांपासून थोडा पुढे होता.

चौथी गोष्ट निखिलने स्वतः शोधली. स्पर्धेनंतर आठवड्याने त्याने क्रशरवाल्या काकांकडून 2011 चे एक विक्रीबिल मागून आणले, विसंबून राहणे प्रत्यक्षात कसे दिसते ते बघायला. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापले होते: शासकीय कर किंवा उपकर लागू झाल्यास फरक खरेदीदाराकडून वसूल केला जाईल. त्याने ते माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, "मॅडम, मग विसंबून कोण होतं?"